स्क्रीनशॉटमधले सहगुणक आणि त्यांच्या मर्यादा

संशोधन करणाऱ्यांच्या कामात एक प्रसंग वारंवार येतो. लॉजिस्टिक रिग्रेशनच्या निकालाचा तक्ता कुणीतरी स्क्रीनशॉट काढून पाठवतो. मूळ आकडेवारी हाताशी नसते, संगणकात साठवलेले मॉडेलही नसते. असते ते फक्त चित्र, आणि त्यासोबत दोन मागण्या: यातून ऑड्स रेशो काढून द्या, आणि अमुक परिस्थितीत घटना घडण्याची संभाव्यता किती ते सांगा. या दोन मागण्या जुळ्या वाटतात, कारण दोन्हींचे गणित एकाच तक्त्यातून निघते आणि दोन्हींत e चा घात घ्यावा लागतो. त्यांचा पाया मात्र वेगळा आहे. ऑड्स रेशो तक्त्यातल्या एका ओळीवर उभा राहतो, त्यामुळे तो चित्रातून बऱ्यापैकी सुखरूप बाहेर काढता येतो. संभाव्यतेला सगळ्या ओळी लागतात, आणि चित्रात न दिसणाऱ्या काही गोष्टीही लागतात. हा फरक लक्षात न घेता केलेली आकडेमोड चुकीची असूनही बरोबर दिसते, म्हणून तो एका खऱ्या उदाहरणावर सविस्तर पाहणे गरजेचे आहे.

उदाहरण चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाचे घेऊ. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी हे यान नष्ट झाले आणि त्यातले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. घन इंधनाच्या रॉकेटचे भाग जिथे जोडले जातात तिथल्या रबरी ओ-रिंगने थंडीत सांधा नीट बंद केला नाही, हे चौकशी आयोगाने दाखवून दिले. या अपघाताआधी या प्रकारच्या यानांची मिळून २४ उड्डाणे झाली होती. त्यातल्या एका उड्डाणाची रॉकेटे समुद्रात बुडाल्यामुळे तपासता आली नाहीत, म्हणून २३ उड्डाणांची नोंद उरते. प्रत्येक नोंदीत दोन गोष्टी आहेत: उड्डाणाच्या वेळचे तापमान फॅरनहाइटमध्ये, आणि सांध्यांतल्या निदान एका मुख्य ओ-रिंगला झीज किंवा वायुगळतीची इजा झाली होती की नाही. अशी इजा ७ उड्डाणांत आढळली. संख्याशास्त्राच्या वर्गांत ही आकडेवारी गेली कित्येक वर्षे शिकवली जाते. R मध्ये तिच्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवले की असा तक्ता मिळतो:

```
             Estimate  Std. Error  z value  Pr(>|z|)
(Intercept)  15.0429      7.3786    2.039    0.0415
temp         -0.2322      0.1082   -2.145    0.0320
```

समजा, आपल्या हाती या तक्त्याचे फक्त चित्र आले आहे. पहिले काम म्हणजे आकडे नीट वाचले गेले की नाही हे तपासणे. चित्रातून उतरवताना उणे चिन्ह सुटते, ३ चा ८ होतो, दशांश चिन्ह सरकते. सुदैवाने तक्त्यातच त्याची पडताळणी दडलेली असते. पहिल्या रकान्यातल्या सहगुणकाला दुसऱ्या रकान्यातल्या प्रमाण त्रुटीने भागले की तिसऱ्या रकान्यातला z मिळाला पाहिजे. १५.०४२९ भागिले ७.३७८६ म्हणजे २.०३९. उणे ०.२३२२ भागिले ०.१०८२ म्हणजे उणे २.१४६. छापील उणे २.१४५ पासून हा आकडा शेवटच्या अंकात हलतो, कारण दोन्ही संख्या पूर्णांकित करून छापलेल्या आहेत. एवढा फरक चालतो. त्याहून मोठा फरक आला तर एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे, किंवा आपण भलत्याच रकान्याला सहगुणक समजतो आहोत. ही दुसरी शक्यता खरोखर घडते. SPSS च्या तक्त्यात `B` बरोबरच `Exp(B)` हाही रकाना असतो, आणि Stata ची `logistic` ही आज्ञा मुळातच ऑड्स रेशो छापते. ऑड्स रेशो कधीही उणे नसतो. त्यामुळे रकान्यात एक जरी उणे संख्या दिसली तर ते सहगुणक आहेत हे पक्के. सगळ्याच संख्या धन असतील तर मात्र भागाकार करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तसे न केल्यास आधीच घातात गेलेल्या संख्येचा आपण पुन्हा घात घेऊन बसतो.

आता ऑड्स रेशोकडे वळू. एखादी घटना घडण्याची संभाव्यता भागिले ती न घडण्याची संभाव्यता, म्हणजे ऑड्स. संभाव्यता ०.८ असेल तर ऑड्स ४, आणि संभाव्यता ०.५ असेल तर ऑड्स १. लॉजिस्टिक रिग्रेशन सरळ रेषा आखते ती या ऑड्सच्या नैसर्गिक लॉगॅरिदमची. म्हणून तापमानाचा सहगुणक उणे ०.२३२२ याचा अर्थ असा, की तापमान एक अंशाने वाढले तर इजेच्या ऑड्सचा लॉग ०.२३२२ ने उतरतो. लॉगमधली वजाबाकी मूळ संख्येत गुणाकार होते. e चा उणे ०.२३२२ घात म्हणजे ०.७९३. फॅरनहाइटचा एक अंश वाढला की इजेचे ऑड्स आधीच्या ०.७९३ पट होतात, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी घटतात. ९५ टक्के विश्वास अंतरालही याच ओळीतून निघतो. सहगुणकातून १.९६ गुणिले प्रमाण त्रुटी वजा केली आणि त्यात तेवढीच मिळवली की उणे ०.४४४ आणि उणे ०.०२० ही दोन टोके येतात. त्यांचे घात घेतले की ०.६४ ते ०.९८. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी लॉगच्या मापात टोके काढायची आणि मग त्यांचा घात घ्यायचा. प्रमाण त्रुटीचाच घात घेऊन तो ऑड्स रेशोत मिळवण्याला काही अर्थ नाही.

एका अंशाचा फरक फार लहान आहे, म्हणून दहा अंशांचा ऑड्स रेशो काढणे अधिक उपयोगी ठरते. २१ टक्क्यांची दहा पट करायला गेलो तर २१० टक्क्यांची घट येते, आणि ती अशक्य आहे. बरोबर रीत म्हणजे आधी सहगुणकाला दहाने गुणायचे आणि मग घात घ्यायचा. e चा उणे २.३२२ घात ०.०९८ आहे. म्हणजे दहा अंश उष्णता वाढली की ऑड्स जवळजवळ दशांशावर येतात. उलट दिशेने पाहिले तर दहा अंश थंडी वाढली की ऑड्स १०.२ पट होतात.

याच वाक्यावर सर्वांत जास्त वेळा गैरसमज होतो. ऑड्स १०.२ पट झाले म्हणजे इजेची शक्यता १०.२ पट झाली, असे वाचले जाते आणि अहवालात लिहिलेही जाते. याच मॉडेलचे आकडे त्याला उत्तर देतात. ७५ अंशांवर इजेची संभाव्यता ०.०८५ येते, ६५ अंशांवर ०.४८७ आणि ५५ अंशांवर ०.९०७. ७५ वरून ६५ वर आलो तर संभाव्यता ५.७ पट होते. ६५ वरून ५५ वर आलो तर ती १.९ पटही होत नाही. दोन्ही टप्प्यांचा ऑड्स रेशो मात्र अगदी सारखाच आहे, १०.२. यात काही विचित्र नाही. संभाव्यता १ च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून ती जितकी वर असेल तितकी तिच्या पटीला जागा कमी उरते. घटना दुर्मीळ असेल, शंभरात एक-दोनदाच घडणारी असेल, तेव्हाच ऑड्सची पट आणि संभाव्यतेची पट एकमेकींच्या जवळ येतात. इथे २३ पैकी ७ उड्डाणांत इजा झाली, म्हणजे ३० टक्के. अशा ठिकाणी ऑड्स रेशोला ‘इतक्या पट शक्यता’ म्हणणे सरळ चूक आहे.

यावर कुणी म्हणेल की मग ऑड्स रेशो हवाच कशाला, थेट संभाव्यताच सांगावी. आक्षेप रास्त आहे, कारण सामान्य वाचकाला ऑड्सपेक्षा संभाव्यता लवकर कळते. तरीही ऑड्स रेशोचा एक गुण संभाव्यतेत नाही. या मॉडेलमध्ये तो तापमान कुठलेही असले तरी तोच राहतो, आणि मॉडेलमध्ये आणखी घटक असते तर त्यांच्या किमतींवरही तो अवलंबून राहिला नसता, फक्त घटकांचे परस्परगुणित पद मॉडेलमध्ये नसावे. म्हणूनच तो एका ओळीतून काढता येतो. स्थिरपद काय आहे, इतर ओळी चित्रात कापल्या गेल्या आहेत का, यांची फिकीर ऑड्स रेशोला नसते. संभाव्यतेच्या बाबतीत हे सगळे लागते.

संभाव्यता काढण्याची कृती अशी. स्थिरपदात प्रत्येक सहगुणक गुणिले त्या घटकाची किंमत मिळवत जायचे. येणारी बेरीज हा ऑड्सचा लॉग. ६५ अंशांसाठी १५.०४२९ वजा ०.२३२२ गुणिले ६५, म्हणजे उणे ०.०५०१. त्याचा घात घेतला की ऑड्स ०.९५१, आणि ऑड्स भागिले एक अधिक ऑड्स म्हणजे संभाव्यता ०.४८७. R मध्ये शेवटच्या दोन पायऱ्या `plogis` एकदम करतो, आणि स्प्रेडशीटमध्येही एकच सूत्र पुरते:

```
exp(-0.2322)                      # 0.793
exp(10 * -0.2322)                 # 0.098
plogis(15.0429 - 0.2322 * 65)     # 0.487

=1/(1+EXP(-(15.0429-0.2322*65)))
```

कृती सोपी आहे, पण तिच्यात शिरणारी प्रत्येक संख्या चित्राबाहेरच्या एखाद्या गृहीतावर टेकलेली असते. पहिले गृहीत एककाचे. चित्रात फक्त `temp` लिहिले आहे, फॅरनहाइट की सेल्सिअस ते लिहिलेले नाही. ६५ अंश फॅरनहाइट म्हणजे १८.३ अंश सेल्सिअस. सेल्सिअसची सवय असलेल्या कुणी या समीकरणात १८.३ घातले तर बेरीज १०.८ च्या आसपास येते आणि संभाव्यता ०.९९९९८. सूत्र बरोबर, उत्तर निरर्थक. हे ओळखायचे कसे? स्थिरपदाला सहगुणकाने भागून चिन्ह बदलले की जिथे संभाव्यता बरोबर अर्धी होते ते तापमान मिळते. इथे ते ६४.८ येते. फ्लोरिडातल्या उड्डाणतळासाठी ६४.८ अंश फॅरनहाइट हा साधा दिवस आहे, हवेचे तापमान ६४.८ अंश सेल्सिअस पृथ्वीवर कुठेच नसते. त्यामुळे एकक फॅरनहाइट आहे हे या एका भागाकाराने कळते. मॉडेल बांधणाऱ्याने तापमानातून सरासरी वजा करून घेतली असती, तर हाच भागाकार शून्याच्या जवळपास आला असता आणि समीकरणात ६५ सरळ घालता येणार नाही हे समजले असते. दुसरी पडताळणी एकूण प्रमाणाची. आकडेवारीतले सरासरी तापमान ७० च्या जवळ आहे, आणि ७० अंशांवर मॉडेल ०.२३ सांगते. प्रत्यक्षातल्या ३० टक्क्यांच्या हे शेजारीच आहे. सरासरी परिस्थितीसाठीचे उत्तर प्रत्यक्ष प्रमाणापासून फार लांब पडले, तर कुठेतरी गफलत आहे असे धरावे.

दुसरे गृहीत दशांश स्थळांचे. स्क्रीनशॉटमधला तक्ता पुष्कळदा लेखात छापण्यासाठी दोन किंवा एकाच दशांशावर आणलेला असतो. ऑड्स रेशोला त्याचा फारसा धक्का बसत नाही. उणे ०.२३ चा घात ०.७९५ येतो, ०.७९३ पासून अगदी जवळ. संभाव्यतेत मात्र तीच लहानशी चूक ६५ ने गुणली जाते. दोन दशांशांवर आणलेल्या आकड्यांनी ६५ अंशांची संभाव्यता ०.५२ येते, एका दशांशावर आणलेल्यांनी ०.८८. खरे उत्तर ०.४९ असताना केवळ पूर्णांकनाने ते ०.८८ वर जाऊ शकते. घटकाची किंमत जितकी मोठी, तितकी दशांश स्थळे जास्त लागतात. पगार, वर्ष, चौरस फूट अशा मोठ्या आकड्यांचे सहगुणक बारीक असतात. तिथे दोन दशांशांचा तक्ता संभाव्यतेसाठी निरुपयोगी ठरतो.

तिसरे गृहीत, ‘घटना’ कशाला म्हटले आहे याचे. याच तक्त्यात इजेऐवजी ‘रिंग सुरक्षित’ याला १ मानले असते, तर दोन्ही सहगुणकांची आणि त्यांच्या z ची चिन्हे उलटली असती आणि बाकी सगळे आकडे तसेच राहिले असते. चित्र पाहून हे कळत नाही. SAS ची `PROC LOGISTIC` ही प्रक्रिया वेगळे सांगितले नाही तर लहान किमतीची संभाव्यता मांडते, म्हणजे ० आणि १ असतील तर ० ची. R मात्र १ ची मांडते. म्हणून एका सॉफ्टवेअरमधला तक्ता दुसऱ्याच्या सवयीने वाचला की उत्तर १ मधून वजा झालेले येते. वर्गवारीच्या घटकांतही अशीच अडचण असते. चार गट असतील तर तक्त्यात तीनच ओळी दिसतात. चौथा गट स्थिरपदात सामावलेला असतो आणि त्याचे नाव बहुधा चित्रात नसते. ते विचारून घेतल्याशिवाय त्या ओळींचा ऑड्स रेशो ‘कशाच्या तुलनेत’ हेही सांगता येत नाही. एका ओळीच्या बळावर उभ्या राहणाऱ्या ऑड्स रेशोलाही एवढी माहिती बाहेरून लागतेच.

समजा, हे सारे नीट जुळले आणि ०.४८७ हे उत्तर हाती आले. लगेच पुढचा प्रश्न येतो: या उत्तराचा विश्वास अंतराल किती? इथे स्क्रीनशॉट पूर्णपणे अपुरा पडतो, आणि ही गोष्ट पुष्कळ जाणकारांच्याही नजरेतून निसटते. तक्त्यात दोन्ही सहगुणकांच्या प्रमाण त्रुटी आहेत, म्हणून त्या एकत्र करून अंतराल काढावा असे वाटते. दोन्ही त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र मानून हा हिशेब केला तर ६५ अंशांवरच्या लॉगची प्रमाण त्रुटी १०.२ येते, आणि संभाव्यतेचा अंतराल शून्यापासून एकापर्यंत पसरतो. म्हणजे काहीच कळले नाही. खरी प्रमाण त्रुटी ०.६४ च्या आसपास आहे, आणि अंतराल सुमारे ०.२१ ते ०.७७. एवढी तफावत पडते, कारण स्थिरपद आणि तापमानाचा सहगुणक यांच्या चुका स्वतंत्र नाहीत. तापमाने ५३ ते ८१ च्या पट्ट्यात आहेत आणि स्थिरपद शून्य अंशाचे आहे. आकडेवारीच्या पट्ट्यातून जाणारी रेषा जरा जास्त उभी झाली की शून्याजवळचे तिचे टोक खूप वर जाते. एक सहगुणक ज्या दिशेने चुकतो, त्याच्या उलट दिशेने दुसरा चुकतो, आणि पट्ट्याच्या आत दोघांच्या चुका एकमेकींना खोडतात. या दोघांचा सहसंबंध जवळजवळ उणे १ आहे. पण तो तक्त्यात छापला जात नाही, त्यासाठी R मध्ये `vcov` ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणून चित्रावरून संभाव्यतेचा अंतराल काढून देतो असे कुणी म्हणाले, तर तो सहसंबंध कुठून आणला हे विचारायला हवे.

शेवटची मर्यादा सर्वांत गंभीर आहे. चॅलेंजरच्या सांख्यिकी अभ्यासांत अपघाताच्या सकाळसाठी साधारणपणे ३१ अंश तापमान धरले जाते. समीकरणात ३१ घातले की बेरीज ७.८४ येते आणि संभाव्यता ०.९९९६. यानाचे पुढे काय झाले हे माहीत असल्यामुळे हा आकडा मॉडेलच्या अचूकपणाचा पुरावा वाटतो. मॉडेल खरे ठरले असताना मर्यादा कसल्या सांगता, असा आक्षेप इथे येतो. त्याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, ०.९९९६ ही यान नष्ट होण्याची संभाव्यता नाहीच. निदान एका रिंगला इजा होण्याची ती संभाव्यता आहे, आणि अशी इजा होऊनही आधीची सात उड्डाणे सुखरूप परतली होती. दुसरे म्हणजे, मॉडेलला दिसलेले सर्वांत थंड उड्डाण जानेवारी १९८५ मधले, ५३ अंशांचे. ३१ हे त्याच्याही २२ अंश खाली आहे. तिथे रेषा सरळच राहील हे आकडेवारी सांगत नाही, ते आपण गृहीत धरतो. सहसंबंध धरून काढलेला अंतरालही तिथे सुमारे निम्म्यापासून थेट एकापर्यंत जातो, आणि रेषेचा आकार बरोबर आहे असे मानूनही तो इतका रुंद आहे. चित्रात यातले काहीच दिसत नाही. ०.९९९६ मात्र चार दशांशांच्या नेटकेपणाने समोर येते.

याचा अर्थ उड्डाणाआधी हे गणित निरुपयोगी ठरले असते असा नव्हे. नेमकी संभाव्यता कळली नसती, पण दिशा स्पष्ट होती. आदल्या रात्री अभियंत्यांची जी चर्चा झाली तिच्यात इजा झालेल्या उड्डाणांवरच लक्ष होते. त्या सातांची तापमाने ५३ पासून ७५ पर्यंत विखुरलेली आहेत आणि त्यातून कल ठळक दिसत नाही. इजा न झालेली १६ उड्डाणे शेजारी मांडली की ती सगळी ६५ अंशांच्या वर आहेत हे दिसते. ६५ च्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा होती. ऑड्स रेशो ही दिशा आणि तिचा जोर सांगतो. उड्डाण थांबवण्यासाठी तेवढे पुरेसे होते, ०.९९९६ ची गरज नव्हती.

म्हणून केवळ चित्र हाती असताना काय द्यावे आणि काय रोखून धरावे, याची रेषा आखता येते. z ची पडताळणी करून, एकक आणि तुलनेचा गट विचारून, अर्थपूर्ण टप्प्याचा ऑड्स रेशो त्याच्या विश्वास अंतरालासह द्यावा, आणि त्याला ‘इतक्या पट शक्यता’ म्हणू नये. संभाव्यता द्यायची असेल तर आकडे निदान चार दशांशांचे असावेत, घटना कोणती ते ठाऊक असावे, आणि विचारलेली किंमत मूळ आकडेवारीच्या पट्ट्यात असावी. तिचा अंतराल हवा असेल तर चित्र पाठवणाऱ्याकडे `vcov` चा निकाल मागावा, किंवा त्याच्याच संगणकावर `se.fit = TRUE` देऊन `predict` चालवायला सांगावे. आपल्या ६५ अंशांच्या उदाहरणात हा एक निकाल मिळतो की नाही, यावर उत्तर ‘०.२१ ते ०.७७’ आहे की ‘काहीच सांगता येत नाही’, हे ठरते.